‘तुमचे मत सकारण लिहा’ : पानभर लिहूनही निम्मेच गुण मिळत असतील तर

तक्रार ठरलेली असते. सामाजिक शास्त्रांच्या पेपरात ‘तुम्ही सहमत आहात का?’, ‘हा निर्णय योग्य होता का?’, ‘तुमचे मत सकारण लिहा’ असा पाच गुणांचा प्रश्न येतो. विद्यार्थी पानभर लिहितो, मुद्द्यांना क्रमांक घालतो, खाली रेघाही मारतो आणि हातात दोन-अडीच गुण पडतात. मत मागितलं होतं, मत दिलं, मग ते चुकीचं कसं ठरलं, असं त्याला आणि घरच्यांनाही वाटत राहतं. पुढच्या परीक्षेत तो आणखी लांब लिहितो आणि गुण तेवढेच राहतात.

दहावीच्या अशा उत्तरपत्रिका मी बरीच वर्षं तपासतो आहे. मत पटलं नाही म्हणून गुण गेले, असं माझ्या पाहण्यात जवळजवळ नाही. गुण जातात ते दुसरीकडेच. कधी विद्यार्थी कोणत्या बाजूला उभा आहे हेच कळत नाही. कधी चार मुद्दे लिहिलेले असतात, पण ते एकाच कारणाचे चार अवतार असतात. आणि कधी दुसरी बाजू लिहिताना तो आपलीच बाजू सोडून देतो. यातला मधला दोष सगळ्यांत जास्त गुण खातो आणि तो लिहिणाऱ्याला दिसत नाही, म्हणून त्यावर मी इथे जास्त थांबणार आहे.

आधी बघा, प्रश्न खरंच मताचा आहे का?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या राज्यशास्त्रात ‘पुढील विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ असा दोन गुणांचा प्रश्न असतो. हा मताचा प्रश्न नाही. माहितीच्या अधिकारामुळे शासनाच्या कारभारातील गोपनीयता वाढली, असं विधान दिलं असेल तर ते चूकच आहे; 2005चा कायदा कारभार उघडा करण्यासाठीच आला. इथे ‘काही अंशी बरोबर, काही अंशी चूक’ असा तोल साधायला गेलात तर हातचा गुण जातो. ‘चूक’ किंवा ‘बरोबर’ लिहायचं, कारणं द्यायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.

दुसऱ्या टोकाला ‘फायदे व तोटे लिहा’ किंवा ‘दोन्ही बाजूंची चर्चा करा’ हे प्रश्न असतात. तिथे दोन्ही बाजूंना सारखी जागा द्यावीच लागते आणि स्वतःचं मत शेवटच्या ओळीत आलं तरी चालतं.

मताचा प्रश्न या दोहोंच्या मधला. त्यात एक बाजू घ्यायची असते, तिची कारणं द्यायची असतात आणि दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करून आपली बाजू तरीही का टिकते हे सांगायचं असतं. संतुलित उत्तर म्हणजे हेच. अर्धं पान इकडे आणि अर्धं पान तिकडे असा त्याचा अर्थ नाही.

एक उत्तर जवळून पाहू

प्रश्न असा घेऊ : ‘स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी जागा राखीव ठेवणे योग्य आहे का? तुमचे मत सकारण लिहा.’ (5 गुण)

वर्गात नेहमी येणारं उत्तर साधारण असं असतं :

> होय, महिलांना आरक्षण असावे असे मला वाटते. पण काही लोकांना ते योग्य वाटत नाही.
> 1) आरक्षणामुळे महिलांना संधी मिळते.
> 2) महिला राजकारणात पुढे येतात.
> 3) महिलांचे सक्षमीकरण होते.
> 4) समाजात स्त्री-पुरुष समानता येते.
> 5) पण काही ठिकाणी महिलेच्या नावावर तिचे पतीच कारभार पाहतात. त्यामुळे महिलांना खरे अधिकार मिळत नाहीत.
> म्हणजे आरक्षणाचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत.

पाच मुद्दे आहेत, क्रमांक आहेत, दुसरी बाजूही आहे. वरवर पाहिलं तर काहीच कमी नाही. तरी याला दोन-अडीचच्या वर गुण देता येत नाहीत.

पहिले चार मुद्दे वाचून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा : याच्या विरोधात असलेला माणूस काय म्हणेल? ‘संधी मिळते’ यावर तो म्हणेल, कसली संधी, कारभार तर नवराच बघतो. ‘पुढे येतात’ यावरही तेच. सक्षमीकरणावर तेच आणि समानतेवरही तेच. चारही मुद्दे एकाच आक्षेपाने एका झटक्यात पडतात, म्हणजे ते चार नव्हतेच. एकच मुद्दा होता आणि त्याला चार क्रमांक मिळाले होते. तपासणारा हे इतकं फोड करून बघत नाही, पण दुसऱ्या मुद्द्यापाशीच त्याला ‘हे आत्ताच वाचलं’ असं वाटतं आणि पुढच्या दोन मुद्द्यांसमोर खूण पडत नाही.

ही परीक्षा मी मुलांना हमखास करायला लावतो. प्रत्येक मुद्द्यासमोर, कच्च्या कागदावर, त्याच्यावरचा सगळ्यांत जोरदार आक्षेप तीन-चार शब्दांत लिहायचा. आक्षेप वेगवेगळे निघाले तर मुद्दे वेगळे आहेत. सगळ्यांसमोर एकच आक्षेप आला तर मुद्दा एकच आहे, मग शब्द कितीही वेगळे असोत.

दुसरा दोष पाचव्या मुद्द्यात आणि शेवटच्या ओळीत आहे. ‘महिलांना खरे अधिकार मिळत नाहीत’ असं लिहून विद्यार्थ्याने स्वतःचेच चार मुद्दे खोडले आणि त्याला काही उत्तर दिलं नाही. त्यावर ‘फायदेही आहेत आणि तोटेही आहेत’ म्हणून शेवट केला. वर ‘होय’ लिहिलं होतं ते खाली येईपर्यंत उरलंच नाही. मत विचारलं होतं. वाचून झाल्यावर मत काय, हे सांगता येत नाही.

वेगळी कारणं सापडत का नाहीत?

कारण मुलं एकाच जागी उभी राहून विषयाकडे बघतात. ‘महिलांना काय मिळतं’ एवढाच प्रश्न मनात असेल तर उत्तरं संधी, सन्मान, समानता, सक्षमीकरण अशी एका माळेतलीच येणार. पुष्कळ ठिकाणी यावर तोडगा म्हणून ‘सामाजिक, आर्थिक, राजकीय’ असे तीन कप्पे शिकवले जातात. मला तो उपाय पटत नाही. कप्पा आधी तयार असला की तो भरण्यासाठी काहीतरी लिहिलं जातं आणि ‘आर्थिक मुद्दा : महिलांची आर्थिक स्थिती सुधारते’ असली पोकळ ओळ जन्माला येते.

त्यापेक्षा गोष्ट घडते कशी, तिचा प्रवास बघायचा. महिलांसाठी जागा राखीव झाली, मग पुढे काय काय होतं? आधी उमेदवारी ठरते. तिथे अडथळा काय होता आणि तो कसा दूर झाला? मग ती निवडून येऊन सभेत बसते. सभेतल्या निर्णयांत काय बदलतं? मग पाच वर्षं संपतात. त्या अनुभवाचं पुढे काय होतं? आधी, दरम्यान आणि नंतर अशा तीन टप्प्यांवर उभं राहून पाहिलं की तीन वेगळी कारणं आपसूक हाती येतात, कारण प्रत्येक टप्प्यावर माणसं वेगळी असतात आणि अडचणही वेगळी असते.

आता त्यांच्यावर तीच परीक्षा लावून बघू. उमेदवारीच्या मुद्द्यावर विरोधक म्हणेल, पक्षांनी स्वतःहून महिलांना उमेदवारी द्यावी, कायदा कशाला? सभेतल्या कामांच्या मुद्द्यावर तो म्हणेल, पाण्याचा प्रश्न पुरुष सदस्यालाही कळतो. अनुभवाच्या मुद्द्यावर म्हणेल, राखीव जागा आळीपाळीने फिरते, पुढच्या निवडणुकीत तीच जागा खुली झाली तर त्या अनुभवाचा उपयोग काय? तीन मुद्द्यांवर तीन वेगळे आक्षेप आले, म्हणजे मुद्दे खरोखर तीन आहेत.

नवऱ्याने कारभार पाहण्याचा आक्षेप मात्र यातल्या एकाहून अधिक मुद्द्यांना धक्का देतो. कामांचा क्रम बदलतो म्हणता, पण निर्णय ती घेतच नसेल तर? अनुभव मिळतो म्हणता, पण ती सभेला जातच नसेल तर? म्हणूनच उत्तरात दुसरी बाजू म्हणून हाच आक्षेप घ्यायचा. जो आक्षेप आपल्या सर्वांत जास्त मुद्द्यांना लागतो तोच निवडावा. सोपासा, आपल्याला लगेच उडवता येईल असा आक्षेप घेतला तर तपासणाऱ्याला तो देखावा वाटतो.

दुसऱ्या बाजूला उत्तर कसं द्यायचं?

आक्षेप खोटा आहे असं म्हणायची गरज नसते, आणि बहुतेक वेळा ते खरंही नसतं. नवरा कारभार पाहतो असं काही ठिकाणी घडतंच. मग पुढची ओळ काय लिहायची?

एक तर दोषाचं मूळ कुठे आहे ते दाखवायचं. कारभार दुसऱ्याच्या हाती जातो कारण नव्या सदस्याला अंदाजपत्रक, ठराव, योजनांचे नियम यांची माहिती कुणी दिलेली नसते. हा दोष राखीव जागेचा नाही, तयारीच्या अभावाचा आहे, आणि जागा काढून घेतली तर तयारीची संधीही जाते. किंवा मग आपल्या मताला अट जोडायची : जागा राखीव असाव्यात, पण प्रशिक्षण त्याच्या सोबतीने हवं. अट जोडली म्हणजे मत कमकुवत होतं, असं मुलांना वाटतं. प्रत्यक्षात अटीमुळेच तपासणाऱ्याला दिसतं की विद्यार्थ्याने आक्षेप ऐकून घेतला आहे.

तिसरा मार्ग तुलनेचा : दोन नुकसानांपैकी मोठं कोणतं? काही महिला नावापुरत्या राहतील हे नुकसान मोठं, की राखीव जागा नसल्यामुळे बहुतेक महिला सभेपर्यंत पोचणारच नाहीत हे मोठं? पाच गुणांच्या उत्तरात यातला एक, फार तर दोन मार्ग घ्यावेत. तिन्ही घेतले तर आक्षेपाचीच जागा मोठी होते.

आणि हा मुद्दा सगळ्यांत शेवटी, निष्कर्षाच्या आधी, स्वतंत्र क्रमांक देऊन लिहावा. प्रत्येक मुद्द्याच्या शेपटीला ‘पण…’ जोडत गेलं की वाचणारा प्रत्येक ओळीत हो-नाही करत राहतो.

तेच उत्तर, पुन्हा लिहून

> स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांसाठी जागा राखीव ठेवणे योग्य आहे, असे माझे मत आहे.
>
> 1) उमेदवारीतील अडथळा दूर होतो : उमेदवार ठरवणारे स्थानिक नेते बहुधा पुरुष असतात, त्यामुळे महिलांचा विचारच होत नाही. 73व्या व 74व्या घटनादुरुस्तीने किमान एक-तृतीयांश जागा राखीव केल्यामुळे महिला उमेदवार देणे भाग पडले.
>
> 2) कामांचा क्रम बदलतो : पाणी आणण्याचे काम बहुतेक घरांत महिलाच करतात. त्या निर्णयप्रक्रियेत असल्या की पिण्याच्या पाण्यासारखे प्रश्न सभेत आधी येतात.
>
> 3) पुढील पदांसाठी नेतृत्व तयार होते : ग्रामपंचायतीत ठराव, अंदाजपत्रक व ग्रामसभा हाताळलेली महिला पुढे जिल्हा परिषदेचे काम आत्मविश्वासाने करू शकते.
>
> 4) मर्यादा : काही ठिकाणी निवडून आलेल्या महिलेऐवजी घरातील पुरुष कारभार पाहतात. मात्र याचे कारण प्रशिक्षणाचा अभाव हे आहे. जागा राखीव असणे हे नाही.
>
> म्हणून राखीव जागा आवश्यक आहेत. त्यांच्या जोडीला निवडून आलेल्या महिलांना कारभाराचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे.

हे उत्तर शंभर-सव्वाशे शब्दांच्या आसपास आहे. सीबीएसईच्या दहावीच्या नमुना प्रश्नपत्रिकांमध्ये पाच गुणांच्या उत्तराला 120 आणि तीन गुणांच्या उत्तराला 60 शब्दांची मर्यादा दिलेली असते, आणि तेवढ्यात हे सगळं बसतं. पहिल्या उत्तराचे बहुतेक मुद्दे एकेका ओळीचे होते, इथे प्रत्येक मुद्द्याला शीर्षक आणि त्याचं स्पष्टीकरण आहे. पण मुद्द्यांची संख्या कमी आहे. विद्यार्थी मात्र बरोबर याच्या उलट करतात, ओळी तोकड्या आणि क्रमांक पुष्कळ.

मुद्द्यांची शीर्षकंही पाहा. ‘उमेदवारीतील अडथळा दूर होतो’ हे स्वतःच एक कारण आहे. तिथे ‘राजकीय मुद्दा’ लिहिलं असतं तर तो नुसता विषय झाला असता. घाईत असलेला परीक्षक फक्त शीर्षकं वाचून गेला तरी त्याला मत आणि कारणं दोन्ही कळायला हवीत.

माहितीचा पुरावा किती द्यायचा, हेही मुलं विचारतात. पाच गुणांच्या उत्तरात एक किंवा दोन पक्के तपशील पुरतात, पण ते ज्या मुद्द्याचं काम करतात त्याच मुद्द्यात हवेत. 73वी घटनादुरुस्ती 1992ची, ती 24 एप्रिल 1993पासून लागू झाली, आणि महाराष्ट्राने 2011मध्ये महिलांच्या राखीव जागांचं प्रमाण 50 टक्क्यांवर नेलं, हे सगळं खरं आहे. पण ते उत्तराच्या सुरुवातीला प्रस्तावना म्हणून ओतलं तर त्यासाठी गुण नाहीत, कारण प्रश्न इतिहास विचारत नाही. दुसऱ्या मुद्द्याला भक्कम आधार हवा असेल तर राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून 2004मध्ये मांडलेला निष्कर्ष आहे : जिथे प्रमुखपद महिलांसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त भर दिला गेला. दहावीला ही नावं कुणी मागत नाही. शिक्षकांना मात्र हे माहीत असावं, म्हणजे हा मुद्दा नुसता अंदाज नाही, हे मुलांना सांगता येतं.

विरुद्ध मत लिहिलं तर?

लिहिता येतं, आणि पूर्ण गुणही मिळू शकतात. राखीव जागा दर निवडणुकीत फिरत असल्यामुळे निवडून आलेल्या महिलेला त्याच प्रभागात काम पुढे नेता येत नाही. त्याऐवजी पक्षांना ठरावीक प्रमाणात महिला उमेदवार देण्याचं बंधन घालावं. असं मत कारणांनिशी मांडता येतं. त्यातही मर्यादा लिहावी लागेल : पक्ष जिंकण्याची शक्यता नसलेल्या जागाच महिलांना देतील, ही भीती राहतेच.

जे चालत नाही ते म्हणजे ‘महिलांना राजकारणातलं कळत नाही’. हे कारण नाही, पुरावा नसलेलं सरसकट विधान आहे, आणि असंच विधान बाजूने लिहिलं तरी त्याला गुण नाहीत. ‘महिला प्रामाणिक असतात म्हणून त्यांना आरक्षण द्यावे’ हे वाक्य दर वर्षी भेटतं. भावना चांगली आहे, पण तो मुद्दा उभा राहत नाही. ‘सर्व महिला’, ‘सर्व राजकारणी’, ‘नेहमीच’ हे शब्द मुद्द्यात दिसले की थांबून बघावं.

इतिहासातला निर्णय असेल तेव्हा

‘चौरीचौरा येथील घटनेनंतर असहकार चळवळ मागे घेण्याचा गांधीजींचा निर्णय योग्य होता का?’ हा प्रश्न घ्या. वरची सगळी पद्धत इथेही चालते, पण एक जास्तीचा दोष येतो. मुलं पुढे काय झालं ते आधीच जाणतात आणि त्यावरून निवाडा देतात : ‘1947मध्ये स्वातंत्र्य मिळाले, म्हणून निर्णय योग्य होता.’ फेब्रुवारी 1922मध्ये निर्णय घेणाऱ्याला 1947 दिसत नव्हतं. शिवाय मधल्या पंचवीस वर्षांत इतकं घडलं, की त्या एका निर्णयाला सगळं श्रेय किंवा सगळा दोष देता येत नाही.

म्हणून कारणं दोन गटांत बघायची : तेव्हा काय माहीत होतं आणि नंतर काय घडलं. तेव्हा माहीत होतं ते असं. चळवळीची मूळ अट अहिंसा होती. चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस ठाणं पेटवलं आणि आतले पोलीस मारले गेले. बार्डोलीत सविनय कायदेभंग सुरू करण्याची तयारी चालू होती, म्हणजे चळवळ आणखी तीव्र होणार होती. हिंसा पसरली तर सरकारला दडपशाहीसाठी निमित्त मिळणार होतं. ही निर्णयाच्या बाजूची कारणं झाली. विरोधी बाजू अशी, की हिंसा एका ठिकाणी झाली आणि थांबली मात्र देशभरातली चळवळ. तुरुंगात असलेल्या अनेक नेत्यांना हा निर्णय पटला नाही. नंतर जे घडलं त्यात चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी कायदेमंडळात जाण्याचा मार्ग धरून 1923मध्ये स्वराज्य पक्ष काढला, हे येतं. ते लिहायचं असेल तर ‘या निर्णयाचा परिणाम म्हणून’ असं स्पष्ट म्हणून वेगळ्या मुद्द्यात लिहावं.

इथे ‘योग्य’ आणि ‘अयोग्य’ या दोन्ही मतांना तितकीच जागा आहे. तपासणीच्या सूचनांमध्ये अशा प्रश्नांखाली नमुन्याचे मुद्दे देऊन ‘इतर कोणताही सुसंगत मुद्दा’ ग्राह्य धरावा, असं लिहिलेलं असतं. त्यामुळे ‘पुस्तकात कोणतं मत आहे?’ हे शोधत बसू नये. एक बाजू धरा आणि तिच्यावरचा सगळ्यांत जड आक्षेप टाळू नका.

‘कोणती मूल्ये दिसतात?’ हा प्रश्न

इथे उत्तर म्हणून सद्गुणांची यादी येते : सत्य, अहिंसा, समता, बंधुता, एकता, धैर्य. प्रसंग कोणताही असो, यादी तीच. उतारा न वाचताही लिहिता येईल अशा उत्तराला गुण देणं परीक्षकाला जड जातं.

इलाज एवढाच, की प्रत्येक मूल्यासोबत प्रसंगातली एक कृती बांधायची. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह घेऊ. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या तळ्याचं पाणी घेतलं. ‘समता’ लिहायचं तर पुढे कृती यायला हवी : सार्वजनिक तळ्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे पाणी घेऊन दाखवलं. ‘धैर्य’ लिहायचं तर : विरोध होणार हे ठाऊक असतानाही उघडपणे, एकत्र जाऊन हे केलं.

आणि तपशील नीट माहीत असला की यादीत कधीच न येणारं मूल्यही दिसू लागतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923मध्ये मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार तळं खुलं केल्याचं ठरवलं होतं. म्हणजे सत्याग्रहींनी कागदावर मिळालेला हक्क प्रत्यक्षात बजावला. ‘सनदशीर मार्गावरील निष्ठा’ हे मूल्य या कृतीशी बांधून लिहिणारा विद्यार्थी वर्गात एखादाच असतो आणि त्याचं उत्तर गठ्ठ्यात लगेच ओळखू येतं.

तीन गुणांना तीन मूल्यं, प्रत्येकी एक कृती. चौथं मूल्य सुचलं तरी लिहू नये; त्यापेक्षा तिसऱ्याची कृती नेमकी करावी.

वेळ संपत आला असेल तर काय गाळायचं?

शेवटची पाच मिनिटं राहिली आणि पाच गुणांचा मताचा प्रश्न बाकी असेल, तर मुलं पहिल्यांदा दुसरी बाजू गाळतात आणि सुरुवातीची प्रस्तावना ठेवतात. प्रस्तावना गाळा. ‘भारत हा जगातील सर्वांत मोठा लोकशाही देश आहे’ या ओळीला कुठेच गुण नसतो. पहिली ओळ थेट मताची लिहा, मग दोन मुद्दे कारणासह, मग एक मर्यादा आणि तिचं उत्तर. तिसरा मुद्दा सुचला नाही म्हणून दुसराच मुद्दा शब्द बदलून लिहू नका. ती दोन ओळींची जागा मर्यादेला द्या. निष्कर्षाला वेळ उरला नाही, तर मर्यादेचं शेवटचं वाक्य ‘म्हणून…’ने सुरू करा आणि त्यातच मत पुन्हा सांगा.